सर्व्हिस कंपनीतून प्रॉडक्ट कंपनीत जाताना रेझ्युमे कसा वाचला जातो : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर, इचलकरंजी, गडहिंग्लजकडची बरीच मुलं-मुली पुण्या-बंगळूरच्या सर्व्हिस कंपन्यांत चार-सहा वर्षं काढतात आणि मग प्रॉडक्ट कंपनीचा विचार करू लागतात. सुट्टीला घरी आली की त्यातली काही माझ्याकडे रेझ्युमे दाखवायला येतात. मी दोन्हीकडे काम केलंय आणि आता एका प्रॉडक्ट कंपनीसाठी मुलाखती घेतो. विचारले जाणारे प्रश्न जवळपास तेच असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. डेव्हलपरचा डेव्हलपरच राहून फक्त कंपनीचा प्रकार बदलायचा आहे, अशांसाठी हे आहे.

सर्व्हिस कंपन्यांकडून रोज फोन येतात. त्याच रेझ्युमेवर प्रॉडक्ट कंपनीचा एकही फोन का येत नाही?

कारण वाचणारा वेगळा आहे आणि त्याची गरजही वेगळी आहे.

सर्व्हिस कंपनीत भरती बहुतेक वेळा क्लायंटच्या मागणीवरून सुरू होते. क्लायंट सांगतो : जावा, पाच वर्षं, स्प्रिंग बूट, थोडं क्लाउड, चार जण, पुढच्या महिन्यापासून. तुमचा रेझ्युमे आधी कंपनीत आणि पुष्कळदा नंतर क्लायंटकडेही जातो. बिलिंगचा दर अनुभवाच्या वर्षांवर ठरतो, म्हणून वर्षं महत्त्वाची. टेक्नॉलॉजीची नावं जुळली पाहिजेत, कारण क्लायंट तीच तपासतो. उद्या तुम्ही दुसऱ्या अकाउंटला गेलात तर तुमच्या जागी दुसरा बसवता आला पाहिजे, म्हणून सगळ्यांचे रेझ्युमे एका साच्यातले असले तरी कुणाची हरकत नसते. त्या कामासाठी तो साचा बरोबरच आहे.

प्रॉडक्ट कंपनीत रेझ्युमे आधी रिक्रूटर चाळतो आणि मग हायरिंग मॅनेजर वाचतो. हा मॅनेजर स्वतःच्या टीमसाठी माणूस शोधतोय. त्याच्याकडे पेमेंटचा किंवा सर्चचा एखादा भाग आहे, तो पुढची काही वर्षं चालवायचा आहे आणि तिथे कोणी रोज सकाळी नेमून काम देणार नाही. त्याला एवढंच कळून घ्यायचं असतं की अडचण समोर आली तर हा माणूस ती स्वतः ओळखतो का, कारण शोधतो का आणि निर्णय घेऊन शेवटापर्यंत नेतो का. टेक्नॉलॉजीची नावं तो बघतो, पण भाषा थोडी वेगळी असली तर अनेकदा चालवून घेतो. ज्या कागदावर फक्त नावं आणि वर्षं आहेत, त्यात त्याच्या प्रश्नाचं उत्तरच सापडत नाही. रेझ्युमे वाईट असतो असं नाही, तो दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देत असतो.

एखाद्या खऱ्या ओळीवर हा फरक दाखवता येईल का?

ही ओळ मी वेगवेगळ्या रूपांत खूप वेळा वाचली आहे. रेझ्युमे इंग्रजीतच असतो, इथे मराठीत देतो.

"विमा क्षेत्रातील अग्रगण्य क्लायंटसाठी जावा, स्प्रिंग बूट व हायबरनेट वापरून बॅच मॉड्यूलचे डेव्हलपमेंट, एन्हान्समेंट व बग फिक्सिंग. टीम साइज 14."

सर्व्हिसवाला वाचतो : विमा डोमेन आहे, जावा आहे, हायबरनेट आहे, मोठ्या टीमचा सराव आहे. पाठवा क्लायंटकडे.

प्रॉडक्टवाला तीच ओळ वाचतो आणि अडतो. चौदा जणांत या उमेदवाराने काय केलं? बॅच काय करत होती, किती मोठी होती? एन्हान्समेंट म्हणजे नवा हिशेब बसवला की स्क्रीनवरचं लेबल बदललं? ओळीत एकही चूक नाही, पण चौदाच्या चौदा जण ही ओळ जशीच्या तशी लिहू शकतात. जी ओळ टीममधल्या कुणालाही लागू पडते, ती त्याच्या लेखी कोरी असते. दिवसभरात शंभरेक रेझ्युमे बघणारा माणूस तिथे थांबून अंदाज बांधत बसत नाही.

मग ती ओळ बदलायची कशी? शब्द जोरकस करायचे का?

शब्द बदलून काही होत नाही. "जबाबदार होते" काढून "नेतृत्व केलं" घातलं तरी ओळ कोरीच राहते. आधी काम आठवावं लागतं, आणि तिथेच सगळा वेळ जातो.

वरच्या ओळीचंच उदाहरण पुढे नेतो. दोन-तीन जणांच्या कामांवरून ते जुळवलंय, म्हणजे कुणाची ओळख पटणार नाही. कागलची मुलगी, पाच वर्षांचा अनुभव. मी विचारलं, "त्या बॅचमध्ये तू स्वतः काय केलंस?"

"काय विशेष न्हाई दादा. ती लई वेळ घ्यायची, ती जरा फास्ट केली."

या "जरा फास्ट केली"च्या पोटात काय होतं ते बघा. बॅच दररोज रात्री एक वाजता सुरू व्हायची आणि पॉलिसीधारकांच्या हप्त्यांच्या सुमारे 6 लाख नोंदी तयार करायची. लागायचे 3 तास 40 मिनिटं. पहाटे पाचला एसएमएसची फाइल बाहेर जायची. महिनाअखेरीला नोंदी वाढल्या की बॅच पाचच्या पुढे सरकायची आणि लोकांना मेसेज उशिरा जायचे. टीममध्ये सगळ्यांची समजूत अशी की इन्सर्ट पन्नास-पन्नासच्या गठ्ठ्याने जातात, कारण कॉन्फिगमध्ये ही ओळ आधीपासून होती :

```
hibernate.jdbc.batch_size=50
```

हिने एसक्यूएल लॉग चालू करून पाहिला, तर इन्सर्ट एकेक करूनच जात होते. कारण एन्टिटीवर हे होतं :

```java
@GeneratedValue(strategy = GenerationType.IDENTITY)
```

आयडेंटिटी असली की प्रत्येक नोंदीचा आयडी डेटाबेसमध्ये इन्सर्ट झाल्यावरच कळतो, म्हणून हायबरनेट अशा एन्टिटीचं इन्सर्ट बॅचिंग बंद ठेवतं. एरर येत नाही, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. अ‍ॅप आणि डेटाबेस वेगवेगळ्या ठिकाणी होते, एका फेरीला सुमारे 20 मिलिसेकंद. 6 लाख गुणिले 20 मिलिसेकंद म्हणजे 12,000 सेकंद, म्हणजे 3 तास 20 मिनिटं. उरलेली वीस मिनिटं खऱ्या हिशेबाची. वेळ कुठे जातोय हे या गुणाकारातच सापडलं.

मग तिने सीक्वेन्स वापरला :

```java
@GeneratedValue(strategy = GenerationType.SEQUENCE, generator = "due_seq")
@SequenceGenerator(name = "due_seq", sequenceName = "due_seq",
                   allocationSize = 50)
```

यूएटीमध्ये लगेच डुप्लिकेट कीचे एरर आले. कोडमध्ये 50 आणि डेटाबेसमधला सीक्वेन्स मात्र एकेकाने वाढणारा, त्यामुळे आयडींचे गठ्ठे एकमेकांवर चढत होते. सीक्वेन्स `INCREMENT BY 50` केला, सुरुवात टेबलातल्या सर्वांत मोठ्या आयडीच्या 50 हून जास्त पुढून केली आणि बॅच 35 मिनिटांवर आली.

हे सगळं पाऊण तासाच्या गप्पांत बाहेर आलं. कागदावर मग असं उतरलं :

"दररोज सुमारे 6 लाख हप्ता-नोंदी करणारी रात्रीची बॅच 3 तास 40 मिनिटांवरून 35 मिनिटांवर आणली. आयडेंटिटी कीमुळे हायबरनेटचं इन्सर्ट बॅचिंग बंद असल्याचं एसक्यूएल लॉगमधून शोधलं आणि सीक्वेन्सवर बदल केला. महिनाअखेरीला पहाटेच्या एसएमएस फाइलला होणारा उशीर थांबला."

पहिल्या वाक्यात किती मोठं काम आणि किती फरक पडला, दुसऱ्यात कारण आणि उपाय, तिसऱ्यात तो फरक कुणाच्या उपयोगाचा. टीममधल्या बाकी तेरा जणांना ही ओळ लिहिता येणार नाही. हायबरनेट, एसक्यूएल ही नावं तीत ओघाने आलीच आहेत, वेगळी मिरवावी लागली नाहीत.

एक गोष्ट आम्ही मुद्दाम बाहेर ठेवली. बॅच मध्येच पडली तर पुन्हा चालवताना दुहेरी नोंदी होऊ नयेत म्हणून पॉलिसी क्रमांक आणि देय तारीख यांवर युनिक बंधन घातलं होतं. ते तिच्या सीनियरचं काम होतं, म्हणून ते रेझ्युमेत आलं नाही. मुलाखतीत "मध्येच बंद पडली तर?" हा प्रश्न हमखास येतो. तेव्हा "ते बंधन सीनियरने घातलं होतं, कारण असं असं" एवढं सांगितलं की पुरतं, आणि विश्वासही बसतो.

एवढं लिहिल्यावर मुलाखतीत अडचण नाही का होणार?

ओळ खरी असेल तर उलट सोपं जातं. प्रॉडक्ट कंपनीच्या मुलाखतीत रेझ्युमेतली एक ओळ धरून वीस-पंचवीस मिनिटं खोदतात. वरच्या ओळीवर मी विचारीन : हायबरनेट बाजूला ठेवून सरळ जेडीबीसी बॅच का नाही वापरली? गठ्ठा 50 चाच का, 500 चा का नाही? सीक्वेन्समुळे आयडींमध्ये फटी पडतात, त्याचा कुणाला त्रास झाला का? हे बदल परत घ्यायची वेळ आली असती तर काय केलं असतं? काम केलेल्या माणसाकडे यातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं तयार असतात, आणि उरलेल्यांवर तो समोर बसून विचार करू शकतो. दुसऱ्याची ओळ उचलून आणलेला माणूस दुसऱ्या प्रश्नालाच "ते आमच्या आर्किटेक्टने ठरवलं होतं" म्हणतो. रेझ्युमेतली ओळ पक्की आहे की नाही ते घरीच तपासायचं असेल तर ओळीतल्या प्रत्येक तुकड्याला "का?" असं तीनदा विचारा. जिथे अडखळाल तो तुकडा काढा किंवा त्यावर अभ्यास करून या.

माझ्याकडे आकडेच नाहीत. आणि क्लायंटचे आकडे द्यायला करारात बंदी आहे.

आकडे असतात, आपण ते आपले समजलेले नसतात. जॉबच्या लॉगमध्ये सुरू-बंदची वेळ असते. तिकीट सिस्टीममध्ये एका प्रकारची तिकिटं महिन्याला किती आली ते मोजता येतं. गिटमध्ये तुमचे स्वतःचे बदल दिसतात. नोकरीत असतानाच आठवड्यातून थोडा वेळ काढून वहीत चार ओळी लिहायची सवय लावा : काय अडलं होतं, काय केलं, आधी किती, नंतर किती. राजीनाम्यानंतर लॅपटॉप परत गेला की यातलं काहीच आठवत नाही.

गोपनीयतेचं म्हणाल, तर कोड, स्क्रीनशॉट, ग्राहकांची माहिती यातलं काही बाहेर न्यायचं नाही, स्वतःला मेल करायचं नाही. क्लायंटचं नाव द्यायची गरजच नसते, "एक मोठी विमा कंपनी" पुरतं. त्यांच्या धंद्याचे आकडे, म्हणजे उलाढाल, एकूण ग्राहक वगैरे टाळा. नोंदींचा आकडाही संवेदनशील वाटला तर "काही लाख" म्हणा, आणि वेळ "सहापट कमी" अशी प्रमाणात सांगा. आकडा अंदाजाचा असेल तर "सुमारे" लिहा आणि तो अंदाज कसा काढला हे तोंडी सांगता आलं पाहिजे.

मी तीन वर्षं प्रॉडक्शन सपोर्टवरच आहे. मला काय लिहिता येणार?

सपोर्टवाल्यांना मी जरा जास्त वेळ देतो, कारण ते स्वतःच स्वतःला कमी लेखतात. प्रॉडक्ट कंपनीत जो कोड लिहितो त्यालाच बहुतेक ठिकाणी रात्रीची ऑन-कॉल ड्युटी असते. प्रॉडक्शन रात्री दोन वाजता पडल्यावर कसं वागायचं हे ज्याला माहीत आहे, तो त्यांच्या कामाचा आहे.

पण "रोज 30 तिकिटं एसएलएमध्ये बंद केली" ही ओळ चालत नाही. त्यातून फक्त हमाली दिसते. तेच तेच तिकीट परत का येतंय हे तुम्ही कधी शोधलंत का? एखादी स्क्रिप्ट लिहून ते कायमचं बंद केलंत का? असं एक जरी काम असलं तर ते वर घ्या : अमुक प्रकारची तिकिटं महिन्याला 40 यायची, कारण अमुक, उपाय अमुक, नंतर दोन-तीनच राहिली. असं एकही काम नसेल तर रेझ्युमे सजवून उपयोग नाही. आत्ता जे तिकीट सर्वांत जास्त वेळा येतंय ते उचला आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत त्याच्या मुळाशी जा. तोवर अर्ज थांबवलात तरी नुकसान नाही.

सात वर्षांच्या अनुभवाला खालची लेव्हल का देतात?

यावर मनं फार दुखावतात. सर्व्हिस कंपनीतलं पद वर्षांबरोबर बरंचसं आपोआप वर जातं. प्रॉडक्ट कंपनीत लेव्हल कामाच्या व्याप्तीवर ठरते. साधारण असं धरा : सांगितलेलं काम नीट करणारा पहिल्या पायरीवर, एक अख्खं फीचर डिझाइनपासून प्रॉडक्शनपर्यंत एकट्याने नेणारा दुसऱ्या, आणि दोन-तीन टीमना लागू होणारे निर्णय घेऊन ते निभावणारा तिसऱ्या. सात वर्षांत तुमच्याकडे दुसऱ्या पायरीचा पुरावा असेल तर तिसरी मिळत नाही, वर्षं कितीही असोत.

एक पायरी खाली जाणं चालेल का, हे ऑफर आल्यावर ठरवा. पगार, काम आणि पुढची बढती कशी होते ते विचारून घ्या. दोन पायऱ्या खाली जावं लागत असेल तर मी सहसा थांबायला सांगतो, कारण ते भरून काढायला फार वेळ जातो.

मी टीम लीड आहे, आठ जण माझ्या हाताखाली आहेत. हे वर लिहू ना?

लिहा, पण एका ओळीत. स्टेटस कॉल, कामवाटप, क्लायंटला रिपोर्ट यांची यादी दिलीत तर वाचणाऱ्याला वाटतं की यांनी कोड लिहिणं सोडलंय. त्यापेक्षा तुम्ही कोणता तांत्रिक निर्णय घेतला आणि दुसरा पर्याय का नाकारला हे लिहा. गेल्या वर्षभरात स्वतः कोड लिहिलेला नसेल तर अर्ज करण्याआधी एखादं काम स्वतःकडे घ्या. मुलाखतीत ते पाच मिनिटांत कळतं.

स्किलची यादी किती मोठी ठेवायची? एटीएस स्कोअरचं काय?

यादी दोन ओळींची. ज्यावर अर्धा तास बोलता येईल तेवढंच. वेबसाइटवर मिळणारा स्कोअर त्या वेबसाइटचा असतो. तुम्ही अर्ज केलेल्या कंपनीची सिस्टीम तो बघत नाही. ती मुख्यतः अर्ज साठवते, आणि रिक्रूटर त्यात शोधतो. साधी एका कॉलमची मांडणी ठेवा, फोटो आणि स्किलचे रंगीत पट्टे काढा. सात वर्षांपर्यंत एक पान पुरतं, फार तर दोन.

एवढं सगळं केलं की डेटा स्ट्रक्चर, अल्गोरिदम नको ना?

लागतंच. रेझ्युमे तुम्हाला दारापर्यंत नेतो. बऱ्याच कंपन्यांत आत गेल्यावर कोडिंगची फेरी असतेच, आणि दोन-तीन वर्षांच्या पुढे डिझाइनचीही. तयारी आधी सुरू करा आणि रेझ्युमे नंतर पाठवा, कारण नापास झाल्यावर अनेक कंपन्या काही महिने पुन्हा अर्ज घेत नाहीत.

90 दिवसांची नोटीस असल्यामुळे नाकारतात का?

काही ठिकाणी हो, पण माझ्या पाहण्यात प्रॉडक्ट कंपन्या नीट पटलेल्या माणसासाठी बऱ्याचदा थांबतात. तुमच्या ऑफर लेटरमध्ये नोटीस पैसे भरून कमी करण्याचं कलम आहे का ते आधी वाचा आणि रिक्रूटरला पहिल्याच फोनवर खरं सांगा. हातात ऑफर नसताना राजीनामा देऊन "लगेच येऊ शकतो" म्हणणं मी कुणालाच सुचवत नाही.

मी पुण्यात नाहीच. कोल्हापुरातल्या छोट्या कंपनीत आहे. माझा रेझ्युमे कोण बघणार?

हा प्रश्न विचारणाऱ्यांच्या हातात कधी कधी सर्वांत चांगला माल असतो. उदाहरण घ्या : साखर कारखान्याच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर तिघांनी मिळून सांभाळलंय. गाळप हंगामात रात्रभर गाड्यांची रांग, काटा अडला की रांग अडली, आणि फोन थेट तुम्हाला. त्या वजनावरून शेतकऱ्याचं बिल निघतं. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून 14 दिवसांत एफआरपी द्यावी लागते, म्हणजे हिशेब चुकला किंवा अडकला तर त्याला कायद्याची मुदत आहे. इथे तुम्ही गरज स्वतः ऐकली, स्वतः बांधलं आणि वापरणाऱ्याच्या शिव्याही स्वतः खाल्ल्या. प्रॉडक्ट कंपनी याच प्रकारचं काम शोधत असते.

पण रेझ्युमेत लिहिलेलं असतं "डॉट नेट डेव्हलपर, ईआरपी मॉड्यूल". बंगळूरच्या रिक्रूटरला काटा म्हणजे काय, गाळप म्हणजे काय हे माहीत नाही. त्याला कळेल असं लिहा : हंगामात दिवसाला किती गाड्या, नेट गेलं तर वजन कुठे साठतं, नेट आल्यावर एकच गाडी दोनदा नोंदली जाऊ नये म्हणून काय केलं. नेट गेल्यावर लोकल साठवून नंतर जुळवणं हा डिझाइनच्या फेरीतला आवडता विषय आहे आणि तुम्ही तो चिखलात उभं राहून सोडवलाय.

कंपनीचं नाव ओळखीचं नसल्यामुळे पहिल्या चाळणीत बाजूला पडण्याची भीती खरी आहे. त्यावर रेफरल हाच उपाय चालतो. केआयटीचे, डी. वाय. पाटीलचे, विद्यापीठाच्या कॉम्प्युटर विभागाचे माजी विद्यार्थी बहुतेक मोठ्या कंपन्यांत सापडतात. त्यांना नुसतं "भावा, रेफर कर" असा मेसेज करू नका. जागेची लिंक पाठवा, तिच्याशी जुळणारी तुमची एक ओळ पाठवा आणि रेझ्युमे जोडा, म्हणजे त्याला रेफरलच्या फॉर्ममध्ये काय लिहायचं ते शोधावं लागत नाही.